झाकोळाला कड नसते

१

दुपारी दातांचा दवाखाना बंद झाला की ताई घरी यायची, आणि घरी आली की तिला आधी परीक्षेला बसावं लागायचं. चपला काढून, हात धुऊन, दोन ताटं वाढून ती जिना चढायची. वर पाय ठेवला रे ठेवला की प्रश्न तयार.

"माडीवर आज कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं असतं आजाऱ्याचं, ताई. मी उजेडाचं विचारतोय."

विचारणारा तिचा धाकटा भाऊ. सगळं आयुष्य नाटकाच्या रंगमंचावर प्रकाश टाकण्यात घालवलेला माणूस. नाटकवाले त्याला उजेडराव म्हणायचे, आणि नाव इतकं चिकटलं होतं की ताईसुद्धा रागावली की तेच वापरायची. काचबिंदूनं त्याचे डोळे गेले होते. आधी बाजूचं दिसेनासं झालं, तेव्हा हे साहेब स्वतःच म्हणाले चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग पायऱ्या चुकायला लागल्या, तेव्हा म्हणाले जागरणं फार झालीत. डॉक्टरकडे गेले तोवर उरलं होतं ते वाचवण्यासारखं नव्हतं. आता काहीच दिसत नव्हतं. "सगळा अंधारच दिसत असेल ना हो?" असं कुणी कळवळून विचारलं की तो म्हणायचा, "अंधार दिसायलाही डोळे लागतात, काका."

डोळे गेले तरी खोड गेली नव्हती. रोज दुपारी त्याला खोलीतला उजेड ऐकायचा असायचा, आणि तोही अचूक शब्दात. ताई पहिल्यांदा नुसतं "अंधार आहे" म्हणाली होती, तर त्यानं तिची शाळाच घेतली.

"कुठला अंधार? दिव्यात जीव नसला की मंद म्हण. तो थरथरत असला तर मिणमिणता. हवेत धूळ नाहीतर धूर असला तर धूसर. आभाळ भरलं तर मळभ, आणि मळभ बाहेर असतं, घरात नसतं. काळोख म्हणायचं तर समोर धरलेला हात दिसता कामा नये. आणि किर्र काळोख तर घरात म्हणायचाच नाही, त्याला रातकिडे लागतात."

"आणि अंधुक?"

"अंधुक हे दिसण्याचं नाव आहे. समोर सगळं जागच्या जागी आहे, पण डोळ्याला धड उमगत नाही. त्यात समोरच्याचा काही दोष नसतो."

"आणि बहिणीला दवाखान्यात सकाळपासून उभं राहून चक्कर येते, त्याला काय म्हणायचं?"

"त्याला अंधारी म्हणतात," तो हसून म्हणाला. "पाणी पी."

अशी ही परीक्षा. लोकांना वाटायचं, काय भाग्याचा भाऊ, बहीण त्याचे डोळे झाली. डोळ्यांना जेवायचं असतं, डोळ्यांचे पाय सुजतात, डोळ्यांचंही लग्न राहून गेलेलं असतं, हे कुणी विचारत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगायचं कुणाला?

२

घर जुनं. त्यांच्या वडिलांनी घेतलं तेव्हाही जुनंच होतं. माडीवर एकच लांब खोली. तिच्या एका टोकाला, मावळतीकडे, भिंतभर खिडकी. समोरच्या गच्चीवरच्यांची नजर नको म्हणून कुणीतरी तिला दुधी काच बसवली होती. दुपारनंतर ऊन त्या काचेवर पडलं की सगळी काचच दिव्यासारखी उजळायची आणि खोलीभर सारखा, मऊ उजेड पसरायचा. जिना याच टोकाला वर यायचा. दुसऱ्या टोकाला कोरी पांढरी भिंत, आणि तिच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून उजेडरावाची खुर्ची.

खुर्ची भिंतीला टेकवलेली त्याला खपत नसे. मध्ये माणूस आरामात उभा राहील एवढी जागा हवीच. ही नाटकातली सवय. नट मागच्या पडद्याला चिकटून उभा राहिला की त्याची काळी सावली पडद्यावर उमटते आणि आभाळ म्हणून रंगवलेलं कापड कापडच दिसायला लागतं. म्हणून नटाला पुढे ओढायचं. ताई केर काढताना खुर्ची मागे सरकवायची, आणि हा चाचपून पुन्हा पुढे घ्यायचा. यावरून दोघांची रोज वाजायची.

त्या दुपारी ताई ताट घेऊन वर आली. त्याचा प्रश्न आला. तिच्या डोक्यात दवाखान्यातलं काहीतरी चाललं होतं, त्यामुळे विचार न करता जे तोंडात आलं ते ती बोलून गेली.

"जरा झाकोळलंय."

उजेडरावाचा घास हातातच राहिला. "कशानं?"

"कशानं म्हणजे? झाकोळलंय आपलं."

"आपलं झाकोळत नसतं, ताई. मंद असेल तर दिव्याकडे बघायचं, अंधुक असेल तर डोळ्याकडे. झाकोळायला मात्र कुणीतरी आड यावं लागतं. उजेड तिकडे आहे, तू इकडे आहेस, मध्ये काय आहे?"

ताईनं खिडकीकडे पाहिलं. काच पांढरी होती. डाग नाही, पक्षी नाही, काही नाही. मग तिनं खोलीकडे पाहिलं. तिला तो शब्द का सुचला ते आता तिला कळलं. काच उजळलेली असूनही खोलीत तेवढा उजेड पोचत नव्हता. निघाला होता तेवढा येत नव्हता. वाटेत कुठेतरी कमी होत होता.

तिनं जाऊन खिडकीचं एक दार उघडलं. बाहेर स्वच्छ ऊन, खाली गल्ली, गल्लीत एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. आभाळात ढगाचा तुकडा नाही. ती वळली. उघड्या दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता, पण खोलीच्या मध्यापर्यंत येता येता तोही विटल्यासारखा झाला होता.

"काही नाहीये," ती म्हणाली.

"मग झाकोळ कसला?"

"चुकलं माझं. जेव मुकाट्यानं."

३

ताई काही भित्री नव्हती. दाढ उपटताना किंचाळणाऱ्या माणसांच्या दाराबाहेर काउंटर सांभाळण्यात जिचा जन्म गेला, ती थोड्याशा अंधाराला काय घाबरणार? तिनं सुटीच्या दिवशी पदर खोचला आणि साबणाच्या पाण्यानं सगळी काच आतून-बाहेरून घासली. पाणी काळं निघालं. तिला फार बरं वाटलं. हेच होतं तर! काचेवर मळ होता, म्हणून खोली मळकट दिसत होती.

दुपारी काच लखलखली. खोली तशीच.

मग तिनं वायरमनला बोलावलं. हा बडबड्या, शिट्टी वाजवत काम करणारा माणूस होता. त्यानं छताचा दिवा काढला, नवा लावला, बटण दाबलं. माडी झळाळली.

"घ्या ताई, आता सुईत दोरा ओवा."

"दिवा बंद कर आणि नुसत्या खिडकीच्या उजेडात बघ," ताई म्हणाली.

त्यानं बंद केला. तो खोलीच्या मध्ये उभा राहिला, त्यानं हात पुढे धरला, फिरवून पाहिला. शिट्टी थांबली होती.

"इथे पूर्वी पडदा होता का हो?" त्यानं विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. पडद्याच्या मागे उभं राहिल्यावर वाटतं तसं वाटतंय." तो हसला, पण घाईनं हत्यारं भरायला लागला. "जुनी घरं असतात अशी कोंदट."

"कोंदट हवा असते," खुर्चीतून उजेडराव म्हणाला. "उजेड कोंदत नाही."

वायरमननं ताईकडे पाहून डोक्याजवळ बोट फिरवलं, आणि चहासुद्धा न घेता गेला. वायरमननं चहा सोडणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

तो गेल्यावर उजेडरावानं खुर्ची चाचपून पुढे घेतली. मग म्हणाला, "ताई, त्यालाही जाणवलं."

"त्याला तर तूही वेडा वाटलास."

"ऐक ना. झाकोळाला कड नसते. का माहितीये? आड येणारं जेव्हा मोठ्या दिव्याला चिकटून असतं, तेव्हा ते उजेडाचा एक वाटा खातं आणि खोलीभर तो सारखाच कमी पडतो, भिंतीवर आकार उमटत नाही. तेच जर दिव्यापासून सुटून भिंतीकडे यायला लागलं, तर आधी भिंतीवर पुसट डाग येईल. मग त्याला कड येईल, मऊ. अगदी भिंतीजवळ आलं की कड सुरीसारखी होईल. तेव्हा ती सावली. सावलीला मालक असतो. हजार वेळा केलंय मी हे पडद्यावर." डोळे गेल्यापासून त्याचा आवाज इतका जिवंत तिनं ऐकला नव्हता. "तू फक्त मला रोज शब्द सांग. शब्दावरून मी सांगेन ते किती आत आलंय."

ताईला राग आला, कारण पुढे काय होणार ते तिला दिसत होतं.

४

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला नवा दवाखाना काढत होत्या, आणि तो ताईनं सांभाळावा अशी त्यांची इच्छा होती. काउंटरवरची बाई नव्हे, व्यवस्थापक. वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या. जिना नाही, लिफ्ट. इतक्या वर्षांत ताईला कुणी काही देऊ केलं असेल तर हे. महिन्याअखेर हो किंवा नाही सांगायचं होतं, आणि दारात दुसरी बाई टपून बसलेली होतीच.

उजेडरावानं आधी कुरकुर केली होती. या घरात त्याला पावलं पाठ होती. पण शेवटी तो हो म्हणाला होता. ताईनं त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडून घेतलं होतं. आनंदानं.

आणि आता हा म्हणत होता, "हे काय आहे ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"अरे पण बाईंना मी काय सांगू?"

"सांग की भाऊ कामात आहे." तो खरंच खुशीत होता. "कितीतरी वर्षांनी मला काम मिळालंय, ताई."

तिला वाटलं, त्याच्या अंगावर ताट फेकावं. काम! दोन वेळचं गिळायला वर आणून द्यायचं ते काम नाही. याला धुऊन-पुसून ठेवायचं ते काम नाही. खिडकीत काहीतरी आहे की नाही याचा काथ्याकूट मात्र काम. त्याला भुतं पुरवायची तर तीही हिनंच बघून सांगायची!

बोलली मात्र ती एवढंच, "बघू." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं विचारलं तेव्हा तिनं एक शब्द बदलला.

"अंधुक आहे."

"झाकोळ नाही?"

"नाही रे. अंधुक. मी नीट बघितलं. माझेच डोळे असतील."

पहिल्यांदा खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. हिची अडखळली नाही.

५

ती हे बोलत होती तेव्हा पांढऱ्या भिंतीवर, खुर्चीच्या वर आणि जरासा डावीकडे, एक डाग आलेला होता. ओल येते तसा. ताईनं जाऊन हात लावून पाहिला. भिंत कोरडी ठणठणीत. तिच्या हाताची सावली त्या डागात पडली, तेव्हा डाग हलला.

तिनं हात मागे घेतला आणि स्वतःशीच म्हणाली, पाहण्यातली चूक. दुसऱ्या दिवशी डाग उभा झाला होता. त्यानंतर तो वर निमुळता आणि खाली रुंद दिसायला लागला. ती पायरीवरूनच आधी भिंतीकडे बघायची, मग खोलीच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघायची, आणि त्या जागेत खरोखर काहीही नसायचं. हवा होती. हवेतून पलीकडची काच दिसत होती. फक्त त्या हवेतून चालत जायचं तिला धैर्य व्हायचं नाही. ताट घेऊन ती भिंतीकडेनं, कपाटाला घासून जायची.

"आज?"

"अंधुक."

"बाहेर मळभ आहे का गं?" एकदा त्यानं अचानक विचारलं. जेवता जेवता त्यानं मान वर केली होती.

"छे. लख्ख ऊन आहे."

"हं," तो म्हणाला, आणि पुन्हा जेवायला लागला.

मनावर सावट होतंच. पण सावट मनावर पडतं, ते भिंतीवर पडत नाही. हे त्यानंच तिला शिकवलं होतं, आणि आता तेच तिला छळत होतं. दुसऱ्या कुणाच्या बहिणीला निदान शब्दांच्या आड तोंड लपवता येतं. हिला तेही नाही, कारण प्रत्येक शब्द कशाला म्हणतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. डागाला कड आली होती. मऊ, पण कड.

सर्वांत वाईट गोष्ट पुढेच घडली. एका दुपारी ताई "अंधुक" म्हणाली, आणि उजेडरावानं ताट बाजूला सारून तिचा हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, रोज अंधुक दिसतंय तुला. माझंही असंच सुरू झालं होतं. काचबिंदू घराण्यात फिरतो गं. मी गाढव, मी दिवे मोजत बसलो आणि तू..." त्यानं तिचा हात आणखी घट्ट धरला. "आपण जाऊ तिकडे. डॉक्टरीणबाईंना हो म्हण. तिकडे मोठं इस्पितळ जवळ आहे ना? आधी तुझे डोळे दाखवू. खिडकी गेली उडत."

तेव्हा तिनं खरं सांगायला हवं होतं. तिला तसं वाटलंही. पण बाईंना हो सांगायचा दिवस उद्यावर आला होता, आणि आपल्या भावानं आपल्यासाठी काहीतरी सोडलं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. खोट्या कारणानं का होईना.

"दाखवू," ती म्हणाली, आणि त्याचे डोळे पदरानं पुसले.

६

सामान हलवायचा दिवस उजाडला. टेंपो गल्लीत उभा होता, हमालांनी खालची खोली रिकामी केली होती, आणि वर फक्त खुर्ची राहिली होती, कारण खुर्चीत उजेडराव बसला होता. ताई शेवटच्या दोन बॅगा घ्यायला जिना चढली. बॅगा जिन्याच्या तोंडाशीच होत्या. तिनं त्या उचलल्या आणि मग खोलीकडे पाहिलं.

खोली उजळ होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काचेवरचा सगळा उजेड पार त्या टोकापर्यंत पोचला होता. मधली हवा मोकळी. झाकोळ नाही, काही नाही. ताईला फार हायसं वाटलं. गेलं! आपण निघतोय म्हटल्यावर तेही गेलं.

"चल रे," ती म्हणाली. "टेंपोवाला ओरडतोय."

"मी येत नाहीये, ताई."

"आता काय नवीन?"

"तुझे डोळे ठणठणीत आहेत." तो शांतपणे बोलत होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "नट उजेडात बरोबर उभा आहे की नाही, हे तो कसं ओळखतो माहितीये? गालावरून. दिव्याची ऊब गालावर लागते, जरा बाहेर गेलं की गार होतो. मी या खुर्चीत ऊन गालावर घेऊन बसतो. त्या दिवशी ते गेलं. मी तुला विचारलं मळभ आहे का, तू म्हणालीस लख्ख ऊन. मग कसं आहे विचारलं तर अंधुक. अगं, अंधुक असतं तर गाल गरम राहिला असता. डोळ्याच्या दोषानं ऊन गार होत नाही. कुणीतरी आड होतं. तुला दिसत होतं."

ताईनं बॅगांचे पट्टे घट्ट धरले.

"मला वाटलं, सांगेल. उद्या सांगेल. मी तुझ्यासाठी रडलो तेव्हा तरी सांगशील असं वाटलं. तू माझे डोळे पुसलेस."

"मग तू काय केलंस रे माझ्यासाठी?" ताईचा बांध फुटला. "इतकी वर्षं! मला एक जागा मिळत होती, एक, आणि तुला खिडकीतलं भूत हवं होतं! हो, बोलले खोटं. शंभरदा बोलेन."

"बोल ना. पण मग मला कुठे नेणार आहेस? तिकडच्या खोल्या मला पाठ नाहीत. तिथे मला सगळं तुझ्या शब्दावर चालायचंय. तू म्हणशील पायरी नाही, आणि मी पाय टाकायचा." त्यानं खिडकीकडे मान वळवली. "हे जे काही आहे ते निदान खोटं बोलत नाही. आड आलं की गाल गार पडतो. मला पुरे तेवढं."

ताईचे डोळे भरून आले होते. खरोखरच सगळं अंधुक झालं. तिनं खांद्याला डोळे पुसले, आणि मग तिला मागची भिंत दिसली.

भिंतीवर उजेडरावाची सावली होती. नेहमीसारखी, खुर्ची भिंतीपासून सुटी असल्यामुळे फिकट, डोक्याभोवती विरघळलेली. आणि तिच्या शेजारी दुसरी. हिची कड सुरीसारखी होती. एवढी रेखीव, एवढी काळी, की तिच्यापुढे माणसाची सावली धुरासारखी वाटत होती.

ताईला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला शिकवलं होतं. खोली मोकळी का झाली होती, तेही तिला कळलं. ते आता काच आणि खुर्ची यांच्या मध्ये नव्हतं. ते त्याला ओलांडून गेलं होतं. खुर्ची आणि भिंत यांच्यात माणूस उभा राहील एवढी जागा होती.

"ऊठ," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "ऊठ तिथून. सावली आहे. झाकोळ नाही, सावली, कड आहे तिला, तुझ्या सावलीपेक्षा धारदार आहे, तुझ्या मागे आहे. आईशप्पथ सांगते."

उजेडराव हसला. फार कडवट हसला.

"आता सावली काय! काल अंधुक, आज एकदम धारदार. घाबरवून नेतेस होय मला?"

"अरे खरं सांगते! पाया पडते तुझ्या!"

"ताई, गालावर ऊन आहे माझ्या. छान ऊबदार आहे. माझ्या आणि उजेडाच्या मध्ये कुणीही नाहीये." त्यानं मान मागे टेकवली. "आज पहिल्यांदा तुझ्या शब्दाची गरज पडली नाही बघ."

"पुढे नाही रे, मागे..."

पण तिचा आवाज बसला होता. भिंतीवर त्या रेखीव सावलीची मान हळूहळू एका बाजूला कलत होती. खुर्चीमागे जमिनीची फळी करकरली.

"आणि अशी मागून येऊ नकोस," उजेडराव म्हणाला. "मला कळतं."

खाली टेंपोवाल्यानं भोंगा वाजवला, हमाल काहीतरी बोलून हसले, आणि त्या सगळ्यात भावाचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. त्रासलेला, लहानपणी तिला हिसडा द्यायचा तेव्हा असायचा तसा.

"खांदा सोड ताई. येणार नाही म्हटलं ना एकदा."

ताई जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. तिच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या.